जुन्या सोन्याचे नवे तोडे : घडणावळीवर नेमका किती जीएसटी? ३ की ५?

नीलाक्षी
मुलीच्या लग्नासाठी तोडे करायचे आहेत. आईच्या दोन पाटल्या आणि एक बोरमाळ मिळून घरच्या काट्यावर ४० ग्रॅम भरतात. हॉलमार्क अर्थातच नाही, सगळं सत्तरच्या दशकातलं आहे.

दोन पेढ्यांवर चौकशी केली. पहिल्या ठिकाणी म्हणाले, जुनं मोडीत द्या, नवे तोडे पसंत करा, पूर्ण बिलावर ३ टक्के जीएसटी लागेल. दुसरे म्हणाले, तुमचंच सोनं आटवून तोडे घडवून देतो, सोन्यावर काहीच कर नाही, फक्त मजुरीवर ५ टक्के. आणि नेटवर वाचलं तर सगळीकडे लिहिलंय की सोन्यावर ३ आणि मजुरीवर ५. तीन ठिकाणी तीन उत्तरं. खरं काय? आणि माझ्यासारखीने कुठला रस्ता धरावा?

सडेतोड_सातारकर
ताई, यात गोंधळण्यासारखं काही नाही. सोन्यावर ३ आणि घडणावळीवर ५. जीएसटी आला तेव्हापासून हेच आहे. बिल फोडून मागा, कळेल.

मिलिंद७१
आमच्या बिलात सीजीएसटी दीड आणि एसजीएसटी दीड असं आहे. म्हणजे दीड सोन्यावर आणि दीड मजुरीवर का?

हिशेबनीस
मिलिंद, नाही. एकूण ३ टक्क्यांपैकी निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. दोन्ही दीड टक्के एकाच रकमेवर लागतात.

नीलाक्षीताई, मी करसल्लागार आहे, सराफांची बरीच कामं बघतो. तुम्ही ऐकलेली पहिली दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळे व्यवहार आहेत. चूक आहे ती नेटवरची.

दुकानातून तयार दागिना घेता तेव्हा तुम्ही दागिना विकत घेता. सोनं वेगळं आणि कारागिरी वेगळी अशी खरेदी होत नाही. कायद्याच्या कलम ८ प्रमाणे अशा एकत्र पुरवठ्यात मुख्य वस्तूचा दर सगळ्याला लागतो. मुख्य वस्तू दागिना, त्याचा दर ३ टक्के, म्हणून घडणावळीवरही ३ टक्केच. बिलात मजुरीची ओळ वेगळी छापली तरी दर बदलत नाही.

हिशेबाला सोपा म्हणून २२ कॅरटचा भाव ग्रॅमला १०,००० धरतो. १० ग्रॅमची साखळी, सोनं १,००,०००, घडणावळ १२ टक्के म्हणजे १२,०००. बेरीज १,१२,०००, त्यावर ३ टक्के म्हणजे ३,३६०. सडेतोडांच्या हिशेबाने सोन्याचे ३,००० आणि मजुरीचे ६०० असे ३,६०० होतील. २४० रुपयांचा फरक आहे, पण जास्तीचे आहेत.

५ टक्के हा दर खरा आहे, फक्त तो जॉबवर्कचा आहे. सोनं एकाचं आणि त्यावर काम करणारा दुसरा, तेव्हा काम करणाऱ्याच्या मजुरीवर तो लागतो.

सडेतोड_सातारकर
मोठमोठ्या पेढ्या आपल्या वेबसाइटवर ३ अधिक ५ लिहितात. त्यांच्याकडे सीए नाहीत का? तुमच्या २४० रुपयांसाठी कोण दुकानदाराशी वाद घालणार?

हिशेबनीस
वेबसाइटवरच्या लेखात काय आहे ते सोडा, त्याच पेढीचं छापील बिल बघा. बहुतेक ठिकाणी एकूण करपात्र रक्कम आणि खाली दीड-दीड टक्के एवढंच असतं.

अपर्णा_ठाणे
आत्ताच कपाटातून मागच्या वर्षीचं मंगळसूत्राचं बिल काढलं. सोनं आणि मजुरी मिळून एकच रक्कम आहे, त्यावर १.५ आणि १.५. खाली वेगळी ओळ आहे, हॉलमार्किंग ४५ रुपये आणि त्यावर १८ टक्के, एकूण ५३.१०. हिशेबनीस म्हणतात तसंच आहे. पण नात्यातल्या एकांच्या बिलात मजुरीपुढे ५ टक्के वेगळे लावलेलेही मी पाहिलेत. तेव्हा दोन्ही प्रकार चालतात.

हिशेबनीस
हो, चालतात. ज्यांनी ५ लावलेत त्यांना ते सरकारकडे भरावे लागतात, कर म्हणून घेतलेला पैसा दुकानदाराला ठेवता येत नाही. त्यामुळे लबाडी असतेच असं नाही, पुष्कळदा बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी मजुरीला जॉबवर्कचा कोड टाकून ठेवलेला असतो. दागिन्याचा कोड ७११३ ने सुरू होतो, जॉबवर्कचा ९९८८ ने. एकाच विक्रीच्या बिलावर दोन्ही दिसले तर विचारायचं.

कारागीर_रविवारपेठ
नमस्कार मंडळी. मी घडाईकाम करतो, वडिलांपासून. तो ५ टक्के कुठे जातो ते मी सांगतो, कारण तो माझ्या टेबलावरून जातो.

पेढी मला शुद्ध सोनं मोजून देते. मी दागिना करून परत देतो, मजुरी आणि ठरलेली घट, म्हणजे कामात वाया जाणारं सोनं, घेतो. सोनं पेढीचं, काम माझं, म्हणून मजुरीच्या बिलावर ५ टक्के. पेढीला त्याचं क्रेडिट मिळतं. गिऱ्हाईकाला विकताना ते सगळ्यावर ३ टक्के लावतात आणि भरताना माझ्याकडचे ५ टक्के वजा करतात. म्हणजे तुमच्या बिलात तो पाच दिसायचं कारणच नाही.

आमच्या गल्लीतले बहुतेक कारागीर नोंदणीतच नाहीत. मजुरीची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असली की नोंदणी लागत नाही, मग ते जीएसटी लावतही नाहीत. अशा माणसाकडे थेट सोनं घेऊन गेलात तर करच नाही. पण मग हॉलमार्क कोण करून देणार? त्याला बीआयएसची नोंदणी लागते.

शुभदा_काकू
मला एक विचारायचंय. मी धनत्रयोदशीला सोन्याचं नाणं घेतलं, त्यावरही मजुरी लावली. नाण्याला कसली मजुरी? आणि नाण्याचा भाव पुढे किती जाईल असं वाटतं?

मिलिंद७१
काकू, पुढचा भाव कळत असता तर आम्ही सगळे इथे बिलं वाचत बसलो नसतो. :)

हिशेबनीस
काकू, नाणं पाडायला आणि पॅकिंगला पेढी आकार लावते. कर त्या आकारासकट ३ टक्केच. भावाचा वेगळा धागा आहे, तिथे विचारा.

सडेतोड_सातारकर
बरं, तयार दागिन्याचं राहू द्या. नीलाक्षीताईंचं जुनं सोनं मोडीत जाणार आहे. मग कर फक्त वरच्या फरकावर लागायला हवा ना? जुनं साडेतीन लाखांचं दिलं, नवं पावणेचार लाखांचं घेतलं, तर त्यांनी खरेदी पंचवीस हजारांची केली. माझ्या मेव्हण्याला असंच बिल मिळालं आहे.

हिशेबनीस
मेव्हण्यांना मिळालं असेल, पण ते बरोबर नाही. यात दोन व्यवहार आहेत. तुम्ही घरचं जुनं सोनं विकता तो तुमचा धंदा नाही, म्हणून त्यावर जीएसटी नाही. जुलै २०१७ मध्ये सरकारने हा खुलासा केला होता. पेढी तुम्हाला नवा दागिना विकते तो पूर्ण किमतीचा पुरवठा आहे. किंमत रोख चुकवली काय, सोन्यात चुकवली काय, कर पूर्ण किमतीवर. जुन्याची रक्कम कर धरल्यावर वजा होते.

फरकावर कर लावायची सोय जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांना आहे. जुना दागिना विकत घेऊन तसाच, रूप न बदलता विकला तर नफ्याच्या भागावर कर. आटवून नवा केला की ती सवलत संपली.

आता ताईंचा हिशेब. ३४ ग्रॅमचे तोडे धरू, भाव तोच १०,०००, घडणावळ १० टक्के.

मोड देऊन नवे घेतले तर सोनं ३,४०,०००, घडणावळ ३४,०००, बेरीज ३,७४,०००. ३ टक्के म्हणजे ११,२२० रुपये कर.

तुमचंच सोनं घडवून घेतलं तर कर फक्त ३४,००० च्या मजुरीवर. ५ टक्क्यांनी १,७०० रुपये. साडेनऊ हजारांचा फरक पडतो. दुसरी पेढी म्हणते ते खोटं नाही.

अपर्णा_ठाणे
मग सगळेच असं का करत नाहीत?

कारागीर_रविवारपेठ
कारण पेढीला तो धंदा नको असतो. तयार माल विकला की सोन्यावरही सुटतं आणि मोडीतही सुटतं. घडवून देण्यात नुसती मजुरी. शिवाय गिऱ्हाइकाचं सोनं सांभाळा, त्याचंच वापरा, उरलेलं परत द्या. नमुना पसंत पडला नाही तर भांडण.

आणि काही ठिकाणी वेगळंच होतं. मोड घेतात, शोकेसमधला तयार तोडा काढून देतात आणि बिल मात्र फक्त मजुरीचं करतात, की तुमचा कर वाचवला बघा. त्याच दिवशी दागिना हातात मिळाला तर समजा तो तुमच्या सोन्याचा नाही.

हिशेबनीस
अगदी बरोबर. ती विक्रीच झाली, नाव जॉबवर्कचं. पुढे तपासणीत दुकान अडकतं, आणि ग्राहकाच्या हातात असं बिल राहतं ज्यात सोन्याचा उल्लेखच नाही.

खऱ्या जॉबवर्कमध्ये दोन कागद हवेत. सोनं देताना पावती, तिच्यावर वस्तूंचं वर्णन, वजन आणि टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता. आणि दागिना घेताना मजुरीचं बिल, त्यावर त्या पावतीचा नंबर, परत दिलेलं वजन आणि उरलेल्या सोन्याचा हिशेब.

धनंजय_क
हिशेबनीस, तुम्ही ५ टक्के फार ठामपणे सांगताय. कायद्यात जॉबवर्कची व्याख्या वाचा, कलम २(६८). दुसऱ्या *नोंदणीकृत* व्यक्तीच्या मालावर केलेली प्रक्रिया. नीलाक्षीताई नोंदणीकृत नाहीत. मग ते जॉबवर्क कसं? नोव्हेंबर २०१९ च्या १२६ क्रमांकाच्या परिपत्रकात हाच भेद केलाय, की मालक नोंदणीकृत नसेल तर ती दुसऱ्याच्या मालावरची उत्पादनसेवा, दर १८ टक्के.

हिशेबनीस
मुद्दा रास्त आहे. पण ते परिपत्रक जॉबवर्कच्या सर्वसाधारण नोंदीबद्दल होतं. प्रकरण ७१ च्या वस्तूंसाठी, म्हणजे सोन्याचांदीसाठी, ५ टक्क्यांची स्वतंत्र नोंद आहे आणि बाजार तीच धरून चालतो.

धनंजय_क
त्या नोंदीतही शब्द 'जॉबवर्क' हाच आहे. व्याख्या तिथेही लागू होते. बाजार काय धरतो हा कायद्याचा आधार होत नाही.

हिशेबनीस
मी माझ्या अशिलांना ५ लावायला सांगतो, तुम्ही १८ सांगाल. पण ताईंसाठी बघा, १८ टक्के लागले तरी ३४,००० वर ६,१२० होतात. ११,२२० पेक्षा कमीच. तेव्हा पेढीने १८ लावले तरी घडवून घेणं करात स्वस्त पडतं.

गलाईवाला_विटा
सगळं वाचलं. करावर एवढी चर्चा झाली, पण ताईंच्या सोन्याकडे कोणी बघितलं नाही. आमचं घराणं गलाईचं, म्हणजे सोनं शुद्ध करण्याचं, विटा-आटपाडीकडची माणसं देशभर हेच करतात. मी तीन गोष्टी लिहितो.

पहिली बोरमाळ. जुन्या बोरमाळेचे मणी पोकळ असतात, आत लाख भरलेली असते. वरचा पत्रा पातळ. काट्यावर सोळा ग्रॅम भरली तरी त्यात सोनं तेवढं नाही. आटवताना लाख जळून जाते, धूर होतो, वास येतो. पाटल्यांमध्येही झाळकाम असतं, आतून मळ असतो. तुमच्या ४० ग्रॅमची लगड ३७ ग्रॅमच्या आसपास येईल असं धरून चाला. हे तुमच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं. आटवण्याआधी वजन, आटवल्यावर लगडीचं वजन, आणि मग लगडीचा टंच. आख्ख्या दागिन्यावर मशीन लावून काढलेला टंच वरच्या थराचा असतो, झाळाजवळ वेगळा, मधे वेगळा. लगडीचा टंच खरा.

दुसरी गोष्ट. समजा टंच ९० आला. म्हणजे ३७ ग्रॅममध्ये शुद्ध सोनं ३३.३ ग्रॅम. हॉलमार्कचे तोडे ९१.६ चे हवेत. ९० ची लगड तशीच ओढून ९१.६ होत नाही. एक तर वरून शुद्ध सोनं घालायचं, आणि ते थोडंथोडकं नाही, सात ग्रॅम लागतं. नाही तर गलाई करायची. सोन्यात चांदी किंवा तांबं मिसळून दाणे पाडतात, तेजाबात उकळतात, बाकीचे धातू विरघळतात आणि तळाला तपकिरी भुकटी राहते, ते शुद्ध सोनं. ती आटवली की पिवळी होते. मग त्यात हवी तेवढी भर घालून २२ कॅरट करायचं.

तिसरी, जी सर्वांत महत्त्वाची. ३४ ग्रॅमच्या तोड्यांमध्ये शुद्ध सोनं जातं ३१.१४ ग्रॅम. तुमचं होतं ३३.३. उरलं २.१६ शुद्ध, २२ कॅरटच्या वजनात साधारण २.३५ ग्रॅम. यातून कारागिराची घट जाणार. ती दोन टक्के ठरली तर ०.६८ ग्रॅम. बाकी दीड ग्रॅमच्या वर सोनं तुम्हाला परत यायला हवं. हिशेबनिसांच्या भावाने ते सोळा हजारांच्या पुढचं आहे. पावतीवर याचा उल्लेख नसेल तर ते गेलंच.

कारागीर_रविवारपेठ
गलाईवाले दादा बरोबर बोलताहेत. घट एक टक्का वर गेली तर ३४ ग्रॅमवर ०.३४ ग्रॅम, म्हणजे ३,४००. मजुरीवरच्या १,७०० कराच्या दुप्पट. तोड्यांसारख्या भरीव कामाला घट कमी लागते, तार आणि जाळीच्या कामाला जास्त. तोड्यांना कोणी पाच-सहा टक्के घट सांगितली तर उठून या.

दुसरं असं की मजुरी टक्क्यांत ठरवू नका, ग्रॅमवर ठरवा. सोनं पाच हजार होतं तेव्हा १० टक्क्यांनी ग्रॅमला ५०० पडायचे, दहा हजार झालं की १,०००. काम तेच, हात तोच. सोनं तुमचं आहे, मग सोन्याच्या भावाशी मजुरीचा काय संबंध?

धनंजय_क
गलाईवाल्यांच्या पोस्टमुळे आणखी एक प्रश्न येतो. गलाईत सहसा लगड जमा करून त्या बदल्यात शुद्ध सोनं घेतात. म्हणजे तेच सोनं परत येत नाही. मग ते ताईंच्या मालावर केलेलं काम राहतं का? आणि पेढीने वरून सात ग्रॅम घातलं तर त्यावर ३ टक्के वेगळे लावायचे, की सगळाच एकत्र पुरवठा धरायचा?

हिशेबनीस
वरून घातलेलं सोनं पेढी वेगळ्या बिलाने ३ टक्के लावून विकते, निदान मी तसं करायला सांगतो. बदललेल्या लगडीबद्दल तुमच्याशी वाद घालायला माझ्याकडे पक्का आधार नाही. सोनं शुद्ध वजनाने जमा आणि शुद्ध वजनाने परत, एवढा कागद असला तर मी ते जॉबवर्क मानतो.

सडेतोड_सातारकर
म्हणजे शेवटी माझं ५ टक्के कुठेतरी बरोबर निघालंच. :) पण मोडीत देण्याचा एक फायदा कोणी सांगितला नाही. तयार दागिन्यावर हॉलमार्क आणि एचयूआयडी हा सहा अक्षरी ओळख क्रमांक आधीच असतो. बीआयएस केअर ॲपवर तिथल्या तिथे बघता येतो. बाजारात २०२३ च्या एप्रिलपासून त्याशिवाय विक्रीच नाही. घडवून घेतलेल्यात टंच खाली निघाला तर तुम्ही काय करणार?

कारागीर_रविवारपेठ
हा मुद्दा खरा आहे. म्हणून घडाई नोंदणीकृत पेढीमार्फतच करा आणि तोडे हॉलमार्क करूनच ताब्यात घ्या, ही अट पावतीवर लिहून घ्या. हॉलमार्क केंद्रात टंच कमी निघाला तर माल परत माझ्याकडे येतो, मला परत आटवावा लागतो. त्यामुळे हात आपोआप सरळ राहतो.

नीलाक्षी
सर्वांचे मनापासून आभार. काल दुसऱ्या पेढीवर परत जाऊन आले, सोबत गलाईवाले दादांचा मजकूर छापून नेला होता.

समोर आटवून द्यायला तयार झाले. बोरमाळेतून लाख निघाली, बराच वेळ धूर होता. आईची माळ अशी वितळताना बघवत नव्हती, पण बघितली. लगड ३६.८ ग्रॅम भरली, टंच ८९.६. पावतीवर वजन आणि टंच दोन्ही लिहून घेतलं, घट दोन टक्के आणि तोडे हॉलमार्कसहित हेही लिहून घेतलं. मजुरी ते टक्क्यांतच म्हणत होते, अखेर ग्रॅमला ९०० वर आले. उरलेलं सोनं परत देण्याऐवजी त्या दिवशीच्या भावाने पैसे देऊ म्हणतात. ते घ्यावं का?

आणि मजुरीवर ५ लावणार की १८ हे विचारलं, तर म्हणाले आमचे सीए सांगतील ते लावू.

गलाईवाला_विटा
ताई, शुद्ध वजन ३२.९७ ग्रॅम आलं, ३४ चे तोडे होतात. २२ कॅरटचं साधारण २ ग्रॅम उरतं, ०.६८ घट गेली की १.३ ग्रॅम. पैसे नका घेऊ, सोनंच मागा. त्याच्यात नाकातली चमकी किंवा मंगळसूत्राच्या वाट्या होतील. पैसे घेतलेच तर भाव विक्रीचा लावतात की मोडीचा, ते आधी विचारा.

अपर्णा_ठाणे
तोडे झाले की बिलावर कर किती लागला तो इथे नक्की टाका. धनंजय आणि हिशेबनीस दोघंही वाट बघत असतील.